काकड्याची वात

फणसवाडीत काकूंची गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे. नवरा गेला, घर खायला उठलं, मग त्या रोज पहाटे देवळाच्या अंगणात येऊन बसू लागल्या आणि पांडुरंगाने त्यांना सावरलं. एकदा कीर्तनकारबुवांनीही उत्तररंगात ही गोष्ट सांगितली आणि श्रोत्यांनी डोळे पुसले. ती गोष्ट खोटी नाही. पण मी काकड्याला पेटीवर बसतो. पेटीची जागा सभामंडपाच्या कोपऱ्यात आहे आणि तिथून गाभारा, अंगण आणि मागची भांड्यांची खोली अशी तिन्ही दिसतात. त्यामुळे बुवांना न मिळालेली गोष्ट माझ्याकडे आहे. देवळाचं नाव मात्र सांगत नाही. फणसवाडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला दाक्षिणात्य पद्धतीचं बालाजीचं मोठं देऊळ आठवतं, ते हे नव्हे. हे वाडीच्या पोटातलं, चाळीच्या बोळातून आत गेल्याशिवाय न दिसणारं विठ्ठल-रखुमाईचं देऊळ. काकूंचं नावही सांगत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही.

मुळात त्या देवळात आल्याच नव्हत्या, पाण्यापासून पळाल्या होत्या. आमच्या भागात नळाला पाणी पहाटे येतं आणि त्या वेळी चाळीच्या गॅलरीत सगळ्या बायकांचा राबता असतो. काका छापखान्यात होते. पहिल्या पाळीला जायचे, म्हणून काकूंना चारचं उठणं जन्माचं लागलेलं. 2021 च्या उन्हाळ्यात काका गेले. त्यानंतर गॅलरीत बादली घेऊन उभं राहिलं की डावी-उजवीकडून तेच प्रश्न यायचे. झोप लागते का? जेवलात का? मुलगा कधी येणार? विचारणाऱ्या वाईट नव्हत्या, पण काकूंना उत्तर देता देता धाप लागायची. म्हणून त्या पाण्याच्या वेळेला घराबाहेर पडू लागल्या. पण जायचं कुठे? देवळं तर करोनामुळे बंद होती. तेव्हा त्या ठाकूरद्वारच्या नाक्यापर्यंत जाऊन परत यायच्या. 7 ऑक्टोबर 2021 ला, घटस्थापनेच्या दिवशी, सरकारने देवळं उघडली आणि त्यांना बसायला पायरी मिळाली. गाभाऱ्याकडे त्यांनी पहिले काही दिवस पाहिलंसुद्धा नाही.

त्या पायरीवर आधीच एकीचा हक्क होता. अंगणात पारिजातकाचं झाड आहे. देवाला खाली पडलेलं फूल वाहत नाहीत, पण पारिजातकाला तेवढी सूट आहे, कारण तो झाडावरून तोडायचा नसतोच. रात्री झाडाखाली चादर अंथरायची आणि पहाटे चारही टोकं धरून उचलायची. ही चादर गेली कित्येक वर्षं हारवाल्या आजींची होती. वय ऐंशीच्या पुढे, पाठ वाकलेली, आवाज मात्र खणखणीत. नवी बाई रोज आपल्या चादरीशेजारी येऊन बसते, हे त्यांना रुचलं नाही. एके दिवशी त्या आल्या तर चादर जागेवर नाही. आजींनी सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं विचारलं, "देवाची फुलं पळवायला कोण गं बसतंय इथे?" काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त बोट वर केलं. पन्हळीला भोक पडलं होतं आणि रात्रीच्या सरीचं पाणी बरोबर चादरीच्या जागेवर ठिबकत होतं. काकूंनी चादर फुलांसकट उचलून कोरड्या बाजूला ठेवली होती. आजींनी माफी वगैरे मागितली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन चटया आणल्या.

कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे काकडा असतो. काकडा म्हणजे नुसती आरती असा अनेकांचा समज असतो. खरं तर काकडा ही ती वात. वीतभर लांबीची, बोटापेक्षा जाड, तुपात भिजवून मुरवलेली. ती पेटवून देवाच्या मुखाजवळ धरायची, त्या उजेडात देवाला जागं करायचं. भूपाळ्या, अभंग, मग आरती, एवढा वेळ ती तेवली पाहिजे. मधे विझली तर कोणी बोलत नाही, पण सगळ्यांचे चेहरे उतरतात. त्या वर्षी ती पहिल्याच आठवड्यात विझली, तीही लागोपाठ दोन दिवस. गुरुजींनी तुपाला दोष दिला, समितीने वाऱ्याला. मृदंगवाल्याचं म्हणणं पडलं की इतके दिवस देऊळ बंद होतं म्हणून देव रुसला. तिसऱ्या दिवशी वात पुन्हा चरचरली, काळा धूर सोडून मान टाकली, आणि पायरीवरून आवाज आला, "अहो, ती वात नायलॉनची आहे."

काकू अंगणात येऊ लागल्यापासून आम्ही ऐकलेलं त्यांचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

त्यांनी ते सिद्धही करून दाखवलं. बाजारातून आणलेल्या तयार वातीचा एक धागा उपसला आणि काडी लावली. सुती धागा जळतो तेव्हा कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे राखाडी राख उरते, बोटाने चुरली जाणारी. हा धागा आकसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी धरून बसला. भेसळीच्या सुतात तूप मुरत नाही. ते बाहेरून लागतं, भर्रकन जळून जातं, मग आतला धागा वितळून वातीचं तोंडच बंद होतं. "नायलॉन नसेल, दुसरं काही असेल," गुरुजी म्हणाले. "काहीही असो, कापूस नाही," काकू म्हणाल्या. मग गुरुजींनी विचारू नये ते विचारलं. "तुम्ही करून द्याल का काकू?" काका गेल्यापासून काकूंना कोणी काही करायला सांगितलंच नव्हतं. सगळे फक्त आराम करा म्हणत होते. त्या हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "उद्या नाही जमणार. तूप रात्रभर मुरावं लागतं. परवा."

परवाचा काकडा शेवटच्या ओळीपर्यंत तेवला. गुरुजी खूश, समिती खूश. सगळ्यांनी विचारलं, कापड कुठलं? "घरातलंच," काकू म्हणाल्या आणि विषय संपला. खरा किस्सा मात्र इथून सुरू होतो.

वातीला कोरं कापड चालत नाही. कोऱ्या कापडात खळ असते, ती तुपाला आत शिरू देत नाही. उकळून, चार-सहा वेळा धुऊन खळ काढली तर चालतं, पण त्यालाही दिवस लागतात. उत्तम वात होते ती वर्षानुवर्षं वापरून, धुऊन मऊसूत झालेल्या सुती कापडाची. असं कापड काकूंच्या घरी एकच होतं. काकांची धोतरं. छापखान्यात ते पँट घालायचे, पण घरी आणि सणावाराला धोतर. ट्रंकेत पाच-सहा पानं घडी करून ठेवलेली होती. मुलगा म्हणत होता कुणाला तरी देऊन टाक, आणि काकू ट्रंक उघडायला तयार नव्हत्या. आता गेलेल्या माणसाचं नेसतं वस्त्र देवाच्या कामाला चालतं का, हे फणसवाडीतल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. उत्तर एकच मिळेल. काकूंना ते ठाऊक होतं, म्हणून तर त्या "घरातलंच" म्हणून थांबल्या.

एक धोतर महिन्याला पुरतं, हे मी नंतर त्यांच्या हातचं पाहिलं. कापडाला कात्री लावायची नाही. कडेला दातांनी जरा चीर द्यायची आणि पन्ह्याच्या दिशेने फाडत न्यायचं, म्हणजे पट्टी आपोआप सरळ निघते. चार बोटं रुंदीची पट्टी, लांबी पन्ह्याएवढी, सव्वा हाताच्या दुपटीपेक्षा थोडी कमी. साधारण चार मीटरच्या धोतरात अशा पन्नासएक पट्ट्या निघतात. रोज एक, वीसेक शिलकीत, कारण काही पीळ बिघडतात. पट्टीचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबायचं, दुसरं हाताने पिळत जायचं, गाठी पडायला लागल्या की मधे दुमडायचं. ती स्वतःच स्वतःभोवती वळते. पुन्हा एकदा दुमडलं की वीतभर लांबीची चौपदरी वात हातात येते. सगळं कसब त्या पिळात आहे. पीळ घट्ट झाला तर तूप वर चढत नाही, वात कुढत जळते आणि विझते. सैल झाला तर ज्योत हातभर उठते आणि अभंग निम्म्यावर असताना वात संपते. मग वितळलेल्या तुपात रात्रभर बुडवून ठेवायची आणि सकाळी दोन बोटांत दाबून जादा तूप निथळवायचं. हे निथळवणं राहिलं तर जळतं तूप धरणाऱ्याच्या हातावर ओघळतं. आणि मुंबईची ऑक्टोबरातली हवा दमट, तेव्हा कोरड्या पट्ट्या पत्र्याच्या डब्यात घालून चुलीजवळ ठेवायच्या. वात तडतडली की समजावं, पाणी राहिलंय.

हे सगळं चाललं होतं भांड्यांच्या खोलीत, दार लोटून. तिथे एका पहाटे आजी शिरल्या. त्यांनी चष्मा सावरला, काकूंच्या मांडीवरच्या पट्टीकडे पाहिलं आणि पट्टीच्या टोकाला असलेली किनार बोटात धरली. बारीक तांबडी किनार. काकांना त्याच धोतरात आजींनी वीस वर्षं आरतीला उभं असलेलं पाहिलं होतं. माझा हात भात्यावर तसाच राहिला. आता आजी ओरडणार, गुरुजी येणार, प्रायश्चित्त, शुद्धी, समितीची बैठक, आणि काकू पुन्हा कधी या अंगणात पाऊल ठेवायच्या नाहीत, एवढं सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आजींनी किनार चाचपली. म्हणाल्या, "ही किनार काढून टाकत जा गं. रंगाचा धूर होतो." आणि दार पुन्हा लोटून निघून गेल्या.

त्या वर्षीच्या तीसही काकड्यांपैकी पहिल्या आठवड्यानंतरचा एकही विझला नाही. गुरुजींना हे सगळं कळलं दोन वर्षांनी, तेही आजींच्याच तोंडून. ते एवढंच म्हणाले की अग्नीत गेलं म्हणजे शुद्धच.

2022 च्या उन्हाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडची बातमी आली. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावाच्या ग्रामपंचायतीने 4 मे रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, हे गावात होणार नाही असा. पुढे 17 मे रोजी राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. आमच्या समितीतल्या एका तरुण सभासदाने कात्रण फळ्यावर लावलं. त्याचं मन चांगलं होतं. काकडा करणारी बाई काकडा हातात मात्र धरत नाही, ते मान सवाष्णींचे किंवा जोडप्यांचे, हे त्याला डाचत होतं. चर्चा झाली, मतं पडली, एक वयस्कर सभासद रुसले, त्यांची समजूत काढली आणि ठरलं की कार्तिकी एकादशीला, भरल्या सभामंडपात, काकडा काकूंच्या हाती द्यायचा. साडी-नारळाचीही तरतूद झाली. फक्त काकूंना कोणी विचारलं नाही. एकादशीला त्या आल्याच नाहीत. रात्री मुरवलेली वात डब्यात घालून शेजारच्या मुलाकरवी पाठवून दिली, आणि साडी-नारळ पुन्हा कपाटात गेले.

त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीची गोष्ट. एकादशीची गर्दी ओसरलेली, मंडपात आम्ही सात-आठ जण. गुरुजींच्या डाव्या हातातलं ताम्हन निसटलं, घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेलं. उजव्या हातात पेटता काकडा. त्यांनी मागे न बघता तो जवळच्या माणसाकडे दिला आणि ताम्हनामागे वाकले. जवळचं माणूस काकू होत्या. त्यांनी काकडा धरला, देवापुढे जाऊन ओवाळायला सुरुवात केली. दोन फेरे झाले तेव्हा मृदंगवाल्याच्या लक्षात आलं आणि त्याचा ठेका थांबला. गाभाऱ्यात एकदम शांतता. गुरुजी ताम्हन घेऊन तसेच उभे. तेवढ्यात मागून आजी कडाडल्या, "वाजव रे! देव झोपलाय अजून." ठेका पुन्हा सुरू झाला. काकूंनी काकडा शेवटपर्यंत धरला. तो हाताने निथळवलेला होता, तुपाचा एक थेंब ओघळला नाही. फळ्यावरचं कात्रण त्या वेळी पेटीच्या मागेच होतं, पण ते वाचायला कोणालाच सवड नव्हती.

त्याच आठवड्यात त्रिपुरी पौर्णिमा होती आणि त्या वर्षी 8 नोव्हेंबरला चंद्रग्रहण आलं. त्यामुळे त्रिपुर आदल्या संध्याकाळी, सोमवारीच पाजळायचा ठरला. हे आमच्या लक्षात आलं रविवारी रात्री. त्रिपुरवात तयार नव्हती. ही वात काकड्यासारखी कापडाची नसते, सुताचे पदर पोथीच्या पुठ्ठ्यावर गुंडाळून, मधे बांधून, मोठ्या पणतीत तुपावर उभी करतात. आजींच्या माहेरी ती साडेसातशे पदरांची करायचे, काकूंच्या माहेरी वर्षाच्या दिवसांएवढी, तीनशे पासष्ट. भांड्यांच्या खोलीत रात्री दहा वाजता यावरून जी जुंपली! आजी म्हणाल्या, शास्त्र साडेसातशेचं आहे. काकू म्हणाल्या, आमच्या आईला शास्त्र कळत नव्हतं का? दोघी एकाच सुताच्या गुंडीवरून बोलत होत्या आणि दोघी मोठ्याने मोजत होत्या, एक गुंडाळत, एक ताण धरत. एकीच्या दोनशे ऐंशीच्या सुमारास दुसरीचे तीनशे दहा झाले होते. मग आजींना हसू फुटलं, मग काकूंना. मी काकूंना हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, तेही इतक्या जोरात की शेजारच्या खोलीतून कोणीतरी दार वाजवून झोपायला सांगितलं. वात अखेर हाताला जाड लागली तेव्हा थांबवली. समितीच्या वहीत 750 अशी नोंद आहे. ती खरी मानायला माझी हरकत नाही.

काकू सावरल्या कधी, असं मला लोक विचारतात, कारण बुवांच्या कथेत तो क्षण एका अभंगावर येतो. मी एक वेगळा दिवस सांगतो. पुढच्या वर्षीच्या काकड्यात एका पहाटे काकू आल्या नाहीत. पाऊण तास वाट पाहिली. फोन उचलला जाईना. गुरुजींनी कपाटातला बाजारचा काकडा काढला आणि कशीबशी आरती उरकली. एकटी राहणारी बाई, वय साठीचं, रक्तदाबाची गोळी चालू. कोणी काही बोललं नाही पण आरती संपताच सगळे उठले. गुरुजी सोवळ्यातच, मृदंगवाला, मी, आणि आमच्या पुढे, कठडा धरत, तीन जिने चढणाऱ्या आजी. दार ठोठावलं. उत्तर नाही. मृदंगवाला खांदा लावून दार पाडायच्या तयारीत होता. आतून कडी निघाली. काकू केस विस्कटलेल्या, डोळे सुजलेले, गालावर उशीची वळी.

"काय झालं हो?" त्यांनीच घाबरून विचारलं.

"तुला काय झालं ते सांग!" आजी म्हणाल्या.

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि लाजल्या. काका गेल्यापासून त्यांना दोन तासांच्या वर सलग झोप लागली नव्हती, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. चारला जाग यायची असं त्या सांगत, पण डोळा तीनलाच उघडलेला असायचा. आदल्या रात्री त्या दहाला पडल्या आणि सरळ सहाला, दार बडवल्यावर उठल्या. आजी मटकन खुर्चीत बसल्या. गुरुजी म्हणाले, "झोपा काकू, झोपा, आम्ही जातो." तेवढ्यात काकूंना आठवलं. "काकडा कुठला लावलात?" गुरुजी जिन्याकडे सरकले. "कपाटातला? तो काळा मणी धरणारा? टाकून द्या म्हटलं होतं ना मी!"

त्यानंतर काकूंनी समितीला लिहून अटी कळवल्या. तूप एकाच दुकानाचं आणायचं, डबा सीलबंद हवा. बाजारच्या वाती देवळात ठेवायच्या नाहीत. वाडीतल्या ज्या मुलींना शिकायचंय त्यांनी शनिवारी दुपारी यावं, घरातलं जुनं सुती कापड घेऊन, आणि कापड कोणाचं होतं हे कोणी विचारू नये. या अटीचं समितीला नवल वाटलं, पण मान्य झाली. शेवटची अट मात्र बैठकीत दोनदा वाचावी लागली. काकड्याची पाळी लावा, असं त्यात होतं. सोमवार आणि गुरुवार मी येणार नाही, त्या दिवशी मला झोपायचं असतं.